दहानंतर गेट बंद, आणि मग?

पुण्यात कर्वेनगर, कोथरूड, सदाशिव पेठ या भागांत मुलींच्या पीजीमध्ये गेलात, तर दाराच्या आतल्या बाजूला हमखास एक लॅमिनेट केलेला कागद दिसतो. वर ‘नियम व अटी’, खाली बारा-पंधरा ओळी. रात्री १० नंतर गेट बंद. बाहेरच्या व्यक्तीस रूमवर आणण्यास सक्त मनाई. जेवण वेळेवर घ्यावे. सामानाची मोडतोड झाल्यास भरपाई द्यावी लागेल. रूम सोडण्याआधी एक महिन्याची नोटीस, अन्यथा डिपॉझिट परत मिळणार नाही. शेवटी ‘हुकुमावरून’ लिहिलेलं नसतं, एवढंच.

या कागदात चुकीचं असं फारसं काही नसतं. अडचण अशी की, प्रत्येक नियम अर्धाच लिहिलेला असतो. काय करायचं नाही ते त्यात असतं. केलं तर पुढे काय, कुणाला किती, कधी आणि कशावरून, हे नसतं. भांडण होतं ते नेमकं या न लिहिलेल्या अर्ध्यावरून, आणि होतं ते मुलगी निघायच्या वेळी. तोवर सगळं ‘काकू, काकू’ करत गोडीगुलाबीनं चाललेलं असतं.

म्हणून सुरुवात शेवटापासूनच करू, म्हणजे नोटिशीपासून.

एक हिशेब घेऊ. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी बेतलेले आहेत, पण प्रकार नेहमीचा आहे. लातूरची एक मुलगी, महिन्याला ९,००० रुपये. त्यात राहण्याचे ५,४०० आणि दोन वेळच्या जेवणाचे ३,६००. डिपॉझिट एका महिन्याचं, म्हणजे ९,०००. तिला हिंजवडीत नोकरी लागते. १० जूनला संध्याकाळी ती काकूंना स्वयंपाकघरात सांगते, ‘काकू, मी बहुतेक पुढच्या महिन्यात सोडेन.’ काकू म्हणतात, ‘बरं, बघू.’ १६ जूनला ती व्हॉट्सॲपवर रीतसर निरोप पाठवते आणि १५ जुलैला बॅग भरते. जुलैचे पैसे अजून दिलेले नाहीत.

मुलीचा हिशेब सरळ आहे. १६ जून ते १५ जुलै, महिना भरला. जुलैचे पंधरा दिवस, रोजचे ३०० प्रमाणे ४,५०० झाले. ते डिपॉझिटमधून वळते करा आणि उरलेले ४,५०० द्या.

काकूंचा हिशेबही त्यांच्या मते तितकाच सरळ आहे. महिना म्हणजे एक तारीख ते अखेर. नोटीस १ जूनच्या आत आली असती, तर ३० जूनला सोडता आलं असतं. ती जूनच्या मध्यावर आली, म्हणजे जुलै पूर्ण धरायचा. झाले ९,०००. डिपॉझिट संपलं. शिवाय कपाटाचा आरसा फुटलाय, त्याचे १,४०० तुझ्याकडूनच येणं आहे.

आता तिसरा हिशेब बघा. काकूंची एक तारखेची अट मान्य केली, तरी १५ जुलैनंतर मुलगी जेवणार नाहीये. मग राहण्याचे पूर्ण ५,४०० धरा, पण जेवणाचे पंधरा दिवसांचेच १,८०० धरा. झाले ७,२००. डिपॉझिटमधून १,८०० परत, त्यातून आरशाचे १,४०० वजा, मुलीच्या हातात ४०० रुपये.

‘एक महिन्याची नोटीस’ या एकाच ओळीतून आरसा बाजूला ठेवला तरी ४,५०० परत, १,८०० परत आणि काहीच परत नाही, अशी तीन उत्तरं निघतात. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नाहीये. ओळीत चार गोष्टी लिहायच्या राहिल्यात, एवढंच. नोटीस कुठल्याही तारखेला देता येईल की फक्त एक तारखेला; ती तोंडी चालेल की लेखी; दिवस कधीपासून मोजायचे; आणि नोटिशीच्या काळात न जेवलेल्या जेवणाचे पैसे लागणार का. चांगल्या कागदात हीच ओळ अशी येते: ‘सोडण्याच्या तारखेआधी किमान ३० दिवस व्हॉट्सॲपवर कळवावे. निरोप पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजले जातील. आधी सोडल्यास उरलेल्या दिवसांचे फक्त राहण्याचे पैसे द्यावे लागतील, जेवणाचे नाहीत.’ तीन वाक्यं आहेत, पण पुढचे तीन तास वाचतात.

काकूंची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण एक तारखेचा हट्ट हा निव्वळ लोभ नसतो. पीजीचा धंदा कॉटवर चालतो. जून-जुलैत कॉलेजांचे प्रवेश सुरू असतात, तेव्हा एक कॉट रिकामी झाली तर आठवड्यात भरते. तीच कॉट नोव्हेंबरमध्ये रिकामी झाली, तर पुढच्या वर्षापर्यंत ओस पडू शकते, कारण वर्षाच्या मध्यात जागा शोधणाऱ्या मुली थोड्या. म्हणून काही मालक सहा किंवा अकरा महिन्यांचा लॉक-इन घालतात; त्याआधी सोडलं तर डिपॉझिट गेलं. अशी अट घालण्यात गैर नाही, पण ‘डिपॉझिट गेलं’ हा शब्द मालकांना वाटतो तितका भक्कम नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की, करार मोडल्याबद्दल ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात हेच पुन्हा स्पष्ट केलं: नुकसान झालेलंच नसेल, तर नुसतं कलम दाखवून रक्कम जप्त करता येत नाही. वरच्या उदाहरणात १६ जुलैला त्याच कॉटवर दुसरी मुलगी आली असेल, तर काकूंनी एका कॉटचे दोघींकडून पैसे घेण्याला आधार राहत नाही. ‘कॉट आधी भरल्यास त्या दिवसापासूनचे पैसे परत’ ही ओळ कागदात असली की हा वादच उरत नाही.

आणखी एक नेहमीची मागणी: ‘शेवटच्या महिन्याचे डिपॉझिटमधून वळवा.’ मालक याला नाही म्हणतात आणि मला ते पटतं. डिपॉझिट भाड्यात संपलं, की आरसा, चावी, गादी यांची भरपाई कशातून घ्यायची? मुलगी गावी गेली, की १,४०० रुपयांसाठी तिच्यामागे कोण लागणार? मात्र ज्याला हे हवं त्यानं बदल्यात दुसरं लिहून द्यावं, की खोली रिकामी केल्यापासून अमुक दिवसांत, बिलं दाखवून, उरलेलं डिपॉझिट परत. सात किंवा पंधरा, जो काय आकडा असेल तो. ‘नंतर बघू’ हा आकडा नव्हे.

मालकानं काढलं तर काय, हा प्रश्न दारामागच्या कागदात जवळजवळ कधीच नसतो. नोटीस फक्त मुलींनी द्यायची असते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ‘पेइंग गेस्ट’ची व्याख्या आहे: मालक स्वतः ज्या जागेत राहतो, त्याच जागेचा काही भाग ज्या बाहेरच्या व्यक्तीला परवान्यानं दिला, ती व्यक्ती. मालक दुसरीकडे राहतो आणि तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये नऊ कॉट टाकून एक मावशी देखरेखीला ठेवतो, तो प्रकार या व्याख्येत नीट बसत नाही, बोर्डावर पीजी लिहिलेलं असलं तरी. मात्र दोन्हीकडे बहुधा संबंध भाडेकरूचा नसून परवानाधारकाचा असतो, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’चा. परवाना मालक काढून घेऊ शकतो, भाडेकरूसारखं संरक्षण त्याला नाही. पण परवाना काढून घेतला, तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६३ त्यासाठीच आहे. रात्री वाद झाला आणि सकाळी बॅगा जिन्यात, हे त्यात बसत नाही. कागदात मालकाकडूनही तेवढ्याच दिवसांची नोटीस असावी, आणि तात्काळ काढण्याची कारणं मोजकी व नावानिशी असावीत: चोरी, मारहाण, दारू किंवा नशा, दोन महिने पैसे थकणं. ‘गैरवर्तन’ असा मोघम शब्द असला, की त्यात काकूंचा त्या दिवशीचा मूडही बसतो.

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मालकांनी तरी वाचावं. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘लेखी काही नको, आपलं घरच आहे’ म्हणणारे काका स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतात. दारामागचा कागद हा करार नव्हे, पण तो कराराला जोडून दोघांच्या सह्या घेतल्या, तर निदान कोण काय म्हणालं होतं याचा पुरावा राहतो. पोलिसांकडे राहणाऱ्यांची माहिती देणं ही आणखी वेगळी गोष्ट. ती दिली म्हणजे करार झाला, असा समज करून घेऊ नये.

आता जेवण. रोजची कुरकुर इथली, आणि तिचं नाव खाडा. खाडा म्हणजे न जेवलेली वेळ, तिचे पैसे कापून मिळावेत ही अपेक्षा. आपल्या उदाहरणात महिन्याचे ३,६०० आणि साठ वेळा जेवण, म्हणजे एका जेवणाचे ६० रुपये. मुलगी शनिवार-रविवार गावी गेली, चार खाडे झाले, तिला २४० रुपये परत हवेत. काकू १०० म्हणतात किंवा काहीच नाही म्हणतात, आणि मुलीला ती लूट वाटते. पण बारा मुलींत एक जेवली नाही, तर वाचतं काय? तिच्या चार पोळ्यांची कणीक, वाटीभर भाजी, आमटी, भात. पोळ्यांच्या बाईंचा पगार तोच, कुकरच्या शिट्ट्या तेवढ्याच, भांडी घासणारीचे पैसे तेच. त्यातही मुलीनं दुपारी दोनला ‘आज नाही जेवणार’ कळवलं, तर कणीक सकाळीच मळून झालेली असते. तेव्हा खाड्याला पूर्ण ६० ऐवजी निम्मा दर धरणं योग्यच आहे, फक्त तो दर लिहिलेला हवा.

जमणारा नियम साधारण असा असतो: आदल्या रात्री नऊच्या आत कळवलं तरच खाडा, सलग दोन दिवस किंवा त्याहून जास्त असला तरच पैसे कापायचे, एकेका वेळेचे नाहीत, दर निम्मा, महिन्यात जास्तीत जास्त अमुक इतके. आणि कळवायची जागा एकच, ग्रुपवर किंवा स्वयंपाकघरातल्या वहीत. जिन्यात भेटल्यावर सांगितलेला खाडा दोघींनाही आठवत नाही.

उलट बाजूचा खाडा मात्र कागदात सहसा नसतो. स्वयंपाकाच्या बाई गावाला गेल्या, गॅस संपला, दिवाळीत मेस आठ दिवस बंद, किंवा रविवारी संध्याकाळी चूल पेटवायची नाही अशी घरची रीतच. मालकाकडून जेवण चुकलं, तर पैसे कोणत्या दरानं परत? इथे निम्मा दर चालणार नाही. मुलगी बाहेर जाऊन थाळीचे पूर्ण पैसे मोजते, तेव्हा निदान पूर्ण ६० तरी मिळायला हवेत. रविवारची संध्याकाळ आधीपासून बंद असेल, तर ती दरातून वगळून सांगावी. एकादशी, संकष्टी असलेल्यांना साबुदाण्याची खिचडी मिळते का, की तो खाडा, हेही एका ओळीत येतं. हसू येईल, पण महिन्याच्या दोन एकादश्या आणि एक चतुर्थी वर्षभर धरली, तर ती बरीच जेवणं होतात.

गेटच्या वेळेबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. आईवडिलांना दहा वाजता बंद होणारं गेट हवं असतं, किंबहुना ते बघूनच ते पीजी निवडतात. मुलींना ते जाचक वाटतं, आणि मुलांच्या पीजीत असं गेट नसतं हे त्या बरोबर दाखवून देतात. महाविद्यालयांच्या वसतिगृहांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत स्पष्ट आहे की, सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. खासगी पीजीला ते लागू नाहीत. तिथे मालक जे लिहील ते. म्हणूनच काय लिहिलंय याला महत्त्व.

दहा की अकरा, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. खरा प्रश्न शीर्षकातला. दहानंतर गेट बंद, आणि मग? सव्वाअकराला मुंबईहून बस उशिरा पोचलेली मुलगी वाकडेवाडीहून रिक्षानं आली आणि काकूंचा फोन सायलेंटवर आहे. ‘प्रवेश मिळणार नाही’ हा नियम शब्दशः पाळला, तर मुलगी रस्त्यावर. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी नियम केला, तीच गेली. तेव्हा उशीर झाला तरी दार उघडेल, हे आधी लिहावं, आणि मग त्याची किंमत लिहावी. उशीर होणार असेल तर नऊच्या आत निरोप, रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर, न कळवता महिन्यात तीनदा उशीर झाला तर घरी कळवणार, चौथ्यांदा नोटीस. पैशांचा दंड शक्यतो नको. शंभर रुपयांचा दंड लावला, की उशीर विकत मिळतो आणि काकूंना रात्री बाराला उठून दार उघडण्याचा व्यवसाय लागतो.

नोकरी करणाऱ्या मुलींचं वेगळं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना रात्री साडेनऊनंतरही काम करता येतं. शिफ्टवाल्या मुलीला दहाचं गेट सांगण्यात अर्थ नाही. अशा मुलीकडून कंपनीचं पत्र घ्यावं, कॅबच्या वेळा लिहून घ्याव्यात, आणि तिला खालच्या दाराची चावी द्यावी किंवा सरळ तिला ठेवून घेऊ नये. ठेवून घेऊन रोज तोंड वाकडं करणं, हा तिसरा मार्ग सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा.

भेटायला येणाऱ्यांबाबत फार लिहायला नको. आई किंवा बहीण एक रात्र राहिली तर चालेल का, गादीचे आणि जेवणाचे किती, सलग किती रात्री, वडील, भाऊ किंवा मित्र आले तर हॉलपर्यंत की गेटपर्यंत, किती वाजेपर्यंत, एवढं पुरतं. न लिहिलेली बाब दुसरीच असते, ती म्हणजे मालकाचं खोलीत येणं. गिझर बघायला काका न विचारता आत आले, प्लंबरला घेऊन आले, मुली कॉलेजात असताना काकूंनी कपाट उघडून ‘पसारा’ बघितला. पाहुण्यांसाठी सात ओळी असतील, तर यासाठी एक तरी हवी: दार वाजवून, आणि कुणी नसताना यायचं झालं तर आधी निरोप देऊन.

राहिली मोडतोड. इथे एकच काम खरोखर उपयोगी पडतं, आणि ते पहिल्या दिवशी दहा मिनिटांत होतं. कॉट, गादी, कपाट, आरसा, पंखा, ट्यूब, नळ, खिडकीची काच, चाव्या यांची यादी, प्रत्येकापुढे आज कसं आहे ते, आणि मोबाइलवर फोटो. गादीवर आधीचा डाग असेल तर ‘डाग आहे’ असं लिहायचं. ती यादी त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवली, की तारखेसह नोंद झाली. वर्षभरानंतर ‘हा डाग आधीपासूनचा’ आणि ‘नाही, तुझाच’ हा सामना खेळावा लागत नाही.

मग प्रश्न उरतो झिजेचा. वापरून भिंत काळवंडली, पडद्याचा रंग उडाला, नळाचा वॉशर गेला, तर ती झीज. तिचा खर्च महिन्याच्या पैशांत आलेला असतो. आरसा फुटला, चावी हरवली, इस्त्री ठेवून टेबल जळलं, ती मोडतोड. तिचे पैसे द्यायचे, तेही बिलाप्रमाणे. आणि पाच वर्षं वापरलेल्या गादीचे नव्या गादीइतके नाहीत. ‘रंगकामाचे सरसकट १,००० कापले जातील’ ही ओळ बऱ्याच कागदांत असते. ती सही करताना दिसली, तर तो महिन्याच्या खर्चाचाच भाग समजून दर ठरवावा. निघताना पहिल्यांदा ऐकू आली, तर मानू नये.

तिघींच्या खोलीत आरसा कुणी फोडला हे कळत नाही, तेव्हा तिघींत समान वाटणी हा नियम सरधोपट असला तरी चालतो. १,४०० चे प्रत्येकी ४६७. पण तो खोलीपुरता असावा. सामाईक वॉशिंग मशीन बंद पडलं आणि बारा जणींकडून वर्गणी, हे बरोबर नाही. मशीन मालकाचं आहे, त्याची दुरुस्ती धंद्याच्या खर्चात येते.

एवढं करूनही डिपॉझिट अडकलंच, तर आधी हिशेबासकट लेखी मागणी पाठवावी आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. बरेच मामले तिथेच मिटतात. नाही मिटला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा रस्ता मोकळा आहे. ‘सेवा’ या शब्दाच्या त्याच्या व्याख्येत राहण्या-जेवणाची सोय नाव घेऊन समाविष्ट आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची असते, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क लागत नाही.